मुंग्या आरपार जात नाहीत, तरी उत्तर शंभर सेकंदच

“गणितवाल्यांची चलाखी ओळखा! काठीवरच्या मुंग्यांचं कोडं सोडवताना म्हणे मुंग्या एकमेकींच्या आरपार जातात असं समजायचं! (१) खरी मुंगी आरपार जात नाही, म्हणजे हे उत्तर भलत्याच कोड्याचं. (२) प्रत्येक टकरीत मुंगी उलटी फिरते, केलेली वाट वाया जाते. शंभर मुंग्या ठेवल्या तर काठी तासन्‌तास रिकामी होणार नाही. (३) शेवटी कोणती मुंगी पडली हे या युक्तीला सांगता येत नाही. (४) भौतिकशास्त्रात असली पळवाट कोणी चालवून घेत नाही. मुलांना सावध करा, पुढे पाठवा.”

हे घरच्या ग्रुपवर आलं तेव्हा मी दुर्लक्ष केलं होतं. पण अकरावीतल्या भाचीनं तेच मला वेगळं पाठवलं आणि खाली विचारलं, “मामा, मग माझं उत्तर नशिबानं बरोबर आलं होतं का?” कोडं तिला मीच घातलं होतं. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

फॉरवर्डात अटींचा पत्ताच नाही, म्हणून आधी त्या सांगतो. काठी १०० सेंटिमीटर लांब. तिच्यावर कितीही मुंग्या, कुठेही, कोणत्याही टोकाकडे तोंड करून. सगळ्यांचा वेग सारखा, सेकंदाला १ सेंटिमीटर. मुंगी इतकी बारीक की तिची लांबी धरायची नाही. दोघी समोरासमोर आल्या की दोघीही त्याच क्षणी वळतात आणि त्याच वेगानं उलट्या निघतात. टोकाला पोचलेली मुंगी खाली पडते. काठी रिकामी व्हायला जास्तीत जास्त किती वेळ लागेल? उत्तर १०० सेकंद, मुंग्या कितीही असोत.

आता पहिला मुद्दा. आरपार कोणालाही पाठवायची गरजच नाही. समजा, पुण्याहून एक एसटी कोल्हापूरला निघाली आणि कोल्हापूरहून एक पुण्याला. साताऱ्यात दोन्ही गाड्या भेटतात. दोघे ड्रायव्हर गाड्यांची अदलाबदल करतात आणि आपापल्या गावी परततात. ड्रायव्हर अर्ध्या वाटेतून मागे फिरले, पण गाड्या? पुण्याची गाडी कोल्हापूरला पोचली, कोल्हापूरची पुण्याला. गाडीतल्या प्रवाशाला ड्रायव्हर बदलल्याचं कळलंही नसेल.

मुंग्यांचंही तसंच करा. सुरुवातीला प्रत्येकीच्या पाठीवर एक चिठ्ठी ठेवा. टक्कर झाली की दोघींनी चिठ्ठ्या बदलायच्या आणि मग वळायचं. मुंगी वळली, पण तिची चिठ्ठी आता दुसरीच्या पाठीवरून पूर्वीच्याच दिशेनं, पूर्वीच्याच वेगानं पुढे जाते. मुंग्या अगदी नियमानं वागल्या, कोडं कुठेही बदललं नाही. चिठ्ठी मात्र कधी थांबत नाही, कधी वळत नाही. प्रत्येक मुंगीपाशी कायम एकच चिठ्ठी असते, त्यामुळे काठीवर चिठ्ठी उरली नाही म्हणजे मुंगीही उरली नाही. आणि सरळ चालणाऱ्या चिठ्ठीला १०० सेंटिमीटरची काठी ओलांडायला १०० सेकंदांपेक्षा जास्त लागूच शकत नाहीत. “आरपार जातात असं समजा” हे या चिठ्ठ्यांच्या हिशेबाचं आखूड रूप आहे, एवढंच.

बरं, खऱ्या मुंगीची एवढी काळजी असेल तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरची रांग जरा वेळ पाहावी. समोरून आलेल्या मुंग्या मिशा लावतात, क्षणभर रेंगाळतात आणि बाजूनं आपापल्या वाटेला लागतात. भेट झाली म्हणून मागे फिरत नाहीत. म्हणजे कोड्यातला अवास्तव भाग कुठला असेल तर तो मागे फिरण्याचा. पुढे जाण्याचा नव्हे!

माझा खरा राग दुसऱ्या मुद्द्यावर आहे, कारण तो ऐकायला पटतो आणि पोरांना भलत्या कामाला लावतो. एका मुंगीची वाट वाया जाते हे खरं. पण त्याच क्षणी समोरचीचीही वाट उलटते, आणि पहिलीनं सोडलेली दिशा ती उचलते. काठीकडे लांबून पाहा, मुंग्यांमधला फरक ओळखू येणार नाही एवढ्या लांबून. टकरीआधी एक ठिपका उजवीकडे जात होता, एक डावीकडे. टकरीनंतर त्याच जागेहून एक उजवीकडे, एक डावीकडे. थांबलं कोण? कोणीच नाही. मग वेळ गेला कुठे?

शंभर मुंग्यांचंच घ्या. डाव्या अर्ध्या भागात ५०, सगळ्यांची तोंडं उजवीकडे. उजव्या अर्ध्या भागात ५०, सगळ्यांची तोंडं डावीकडे. उजवीकडे निघालेली प्रत्येक चिठ्ठी डावीकडे निघालेल्या प्रत्येक चिठ्ठीला एकदा भेटणार, म्हणून टकरी ५० गुणिले ५०, म्हणजे २५००. शंभर मुंग्यांत याहून जास्त टकरी होऊच शकत नाहीत. आणि या अडीच हजार टकरी उरकूनही काठी १०० सेकंदांच्या आत मोकळी. तासन्‌तास हा शब्द कुठून आला ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

ही नुसती गंमत नाही. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या २००४ सालच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत नेमकं हेच कोडं होतं. तिथे मुंग्यांच्या जागा दिलेल्या, दिशा दिलेल्या नाहीत, आणि काठी लवकरात लवकर कधी व उशिरात उशिरा कधी रिकामी होईल ते विचारलेलं. नमुन्यात १० सेंटिमीटरची काठी आणि २, ६, ७ या जागी मुंग्या. उत्तर ४ आणि ८. तोंडी पडताळता येतं: प्रत्येकीला जवळच्या टोकाकडे पाठवा, २, ४ आणि ३ सेकंद, त्यातले मोठे ४. लांबच्या टोकाकडे पाठवा, ८, ६ आणि ७, त्यातले मोठे ८. टकरींचा विचार शून्य.

त्या स्पर्धेत मुंग्या १० लाखांपर्यंत असू शकत होत्या. टकरी एकेक करून मोजायच्या म्हटलं तर ५ लाख गुणिले ५ लाख, म्हणजे पंचवीस हजार कोटी. फॉरवर्डावर विश्वास ठेवणारं पोर तेच करत बसेल आणि वेळेची मर्यादा ओलांडेल. ज्याला चिठ्ठ्या दिसल्या त्याचं काम दोन ओळींत होतं, L म्हणजे काठीची लांबी आणि xs म्हणजे मुंग्यांच्या जागा:

```
lavkar = max(min(x, L - x) for x in xs)
ushira = max(max(x, L - x) for x in xs)
```

भाचीनं पहिल्यांदा लांबचाच रस्ता धरला होता. तिचा प्रोग्राम दर सेकंदाला सगळ्या मुंग्यांना एक सेंटिमीटर हलवायचा आणि दोघी एकाच जागी दिसल्या तर त्यांना उलट फिरवायचा. त्यात एक चूक होती. २ आणि ५ या जागांवरून समोरासमोर निघालेल्या मुंग्या ३.५ वर भेटतात, म्हणजे दीड सेकंदानं. प्रोग्राम पाहतो तेव्हा एक सेकंदानं त्या ३ आणि ४ वर, दोन सेकंदांनी ४ आणि ३ वर. एकाच जागी कधीच नाहीत. टक्कर निसटली, मुंग्या खरोखर आरपार गेल्या, आणि उत्तर तरीही बरोबर! ती हैराण झाली होती. तर बाई, ते नशीब नव्हतं. तुझ्या चुकीनं युक्तीच वापरली होती.

तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. नुसत्या चिठ्ठ्यांवरून वेळ कळते, मुंगीचं नाव कळत नाही. पण “सांगता येत नाही” हे साफ खोटं. एक जास्तीची गोष्ट लागते: मुंग्या एकमेकींना ओलांडत नाहीत, म्हणून काठीवरचा त्यांचा क्रम शेवटपर्यंत तोच राहतो.

चार मुंग्या घ्या. अ २० वर, तोंड उजवीकडे. ब ५० वर, डावीकडे. क ६० वर, उजवीकडे. ड ९० वर, डावीकडे. चिठ्ठ्यांचा हिशेब: डाव्या टोकाला चिठ्ठ्या पोचतात ५० आणि ९० सेकंदांनी, उजव्या टोकाला ४० आणि ८० सेकंदांनी. दोन चिठ्ठ्या डावीकडे जातात, म्हणजे दोनच मुंग्या डावीकडून पडणार, आणि क्रम बदलत नसल्यानं त्या अ आणि ब. टोकाजवळची आधी, म्हणून अ ५० व्या सेकंदाला, ब ९० व्या. तसंच उजवीकडे ड ४० व्या, क ८० व्या. शेवटची पडते ब.

आता टकरी धरून तपासा. १५ व्या सेकंदाला अ आणि ब ३५ वर आपटतात, त्याच वेळी क आणि ड ७५ वर. अ डावीकडे वळून ३५ सेंटिमीटर चालते, ५० व्या सेकंदाला पडते. ड उजवीकडे २५ चालून ४० व्या सेकंदाला. ब आणि क आता समोरासमोर, ३५ व्या सेकंदाला ५५ वर भिडतात. ब तिथून डावीकडे ५५ चालते, ९० वा सेकंद. क उजवीकडे ४५ चालते, ८० वा. चारही आकडे जुळले. ९० सेकंदांची चिठ्ठी मुळात ड ची होती आणि ड तर सगळ्यांत आधी पडली. गोंधळ होतो तो इथेच: चिठ्ठी कोणाची आणि मुंगी कोणती, हे दोन प्रश्न एकच समजल्यामुळे.

चौथ्यावर फार शाई घालवत नाही. सारख्या वजनाच्या दोन गोट्या समोरासमोर नेमक्या आदळल्या की त्यांचे वेग अदलाबदल होतात, हे शाळेत शिकवतात. १९६५ मध्ये डी. डब्ल्यू. जेप्सन यांनी ‘जर्नल ऑफ मॅथेमॅटिकल फिजिक्स’मध्ये एका रेषेत आदळणाऱ्या कणांचा अभ्यास छापला, त्याचा पाया हाच: कणांऐवजी सरळ जाणाऱ्या रेषांचा मागोवा घ्या आणि क्रम लक्षात ठेवा. तेव्हा पळवाट वगैरे राहू द्या.

युक्ती फसते कुठे, हे मात्र फॉरवर्डवाल्याला सुचलं नाही, म्हणून मीच सांगतो. टकरीनंतर मुंग्या अर्धा सेकंद थबकत असतील तर चिठ्ठ्याही थबकतात आणि टकरी मोजाव्याच लागतात. वेग वेगळे असतील आणि वळताना प्रत्येकीनं स्वतःचा वेग राखला, तर चिठ्ठीचा वेग मधेच बदलतो. एक मुंगी १० वर, सेकंदाला २ सेंटिमीटरनं उजवीकडे; दुसरी ४० वर, सेकंदाला १ नं डावीकडे. १० व्या सेकंदाला ३० वर टक्कर. जलद मुंगी वळून २५ व्या सेकंदाला डावीकडून पडते. संथ मुंगीला उजवीकडे ७० सेंटिमीटर जायचंय, ती ८० व्या सेकंदाला पडते. आरपार जाऊ दिल्या असत्या तर ४५ सेकंदांत काठी रिकामी झाली असती. ८० आणि ४५, चांगलीच तफावत. हे उदाहरण त्या फॉरवर्डात असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.