दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकल्यावर आधी बँक की आधी मेल?

"मित्राच्या फोनवर किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकलात? तिथून उठायच्या आत तिथेच सगळे पासवर्ड बदलून टाका. आधी बँक, मग सोशल मीडिया, मेल सवडीने. इन्कॉग्निटोत उघडलं असेल किंवा लॉगआउट केलं असेल तर काहीच करायची गरज नाही. जनहितार्थ पुढे पाठवा."

पुढे पाठवल्या जाणाऱ्या या मेसेजमधले सल्ले चुकीचे आहेत. पहिल्या सल्ल्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. त्या कॉम्प्युटरवर कीलॉगर असेल, म्हणजे दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारा प्रोग्राम असेल, तर नवा पासवर्डही जुन्याच्या शेजारी जाऊन बसेल. शिवाय जी खाती तुम्ही तिथे उघडलीच नव्हती, त्यांचेही पासवर्ड "बदलण्यासाठी" तिथे टाइप कराल आणि आपल्या हाताने देऊन याल. कीबोर्डची वायर आणि यूएसबी पोर्ट यांच्यामध्ये बसणारे छोटे कीलॉगरही असतात. ते अँटिव्हायरसला बहुधा दिसत नाहीत. म्हणून बदल करायचा तो स्वतःच्या फोनवरून किंवा स्वतःच्या कॉम्प्युटरवरून. त्यासाठी घरी पोचेपर्यंत थांबावं लागलं तरी थांबा.

आता क्रम. पैसे जिथे आहेत ते खातं आधी, हा विचार मनाला पटतो, पण चोर तसा विचार करत नाही. तो पाहतो की कोणत्या खात्यातून बाकीची खाती उघडतात. बहुतेक ठिकाणी "पासवर्ड विसरलात?" वर टिचकी मारली की नव्या पासवर्डची लिंक मेलवर येते. मेल त्याच्या हातात असेल तर तुम्ही सकाळी बदललेला सोशल मीडियाचा पासवर्ड तो दुपारी परत बदलू शकतो, आणि इशाऱ्याचा मेल तुम्ही पाहायच्या आत पुसूनही टाकू शकतो. म्हणून मेल पहिला, बाकी सगळं त्यानंतर.

एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीने ओळखीच्यांच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला. त्यासाठी मेल उघडला, त्यातली पीडीएफ उतरवून घेतली, फोटो घ्यायला व्हॉट्सॲप वेब जोडलं, अर्जाच्या साइटवर लॉगिन केलं आणि शुल्क कार्डने भरलं. तिच्या मेलचा पासवर्डच एका खरेदीच्या साइटलाही आहे. बँकेची साइट तिने उघडलीच नाही. म्हणजे वरच्या सल्ल्याप्रमाणे ती जो पासवर्ड सगळ्यात आधी बदलेल, तो तिथे टाइपच झालेला नाही!

तिने काय करावं? स्वतःच्या फोनवरून मेलचा पासवर्ड बदलावा, पण तेवढ्यावर थांबू नये. जीमेल असेल तर `myaccount.google.com` वर लॉगिन असलेल्या उपकरणांची यादी दिसते. त्यातून तो कॉम्प्युटर बाहेर काढावा. तिथे लॉगिन करताना "या उपकरणावर पुन्हा विचारू नका" अशी खूण राहिली असेल, तर दुहेरी पडताळणीच्या पानावरून तो विश्वासही काढून घ्यावा. खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा मेल पत्ता आपलाच आहे ना, हे वाचून पाहावं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कॉम्प्युटरवरच्या जीमेलच्या सेटिंग्जमध्ये `Forwarding and POP/IMAP` आणि `Filters and Blocked Addresses` अशी दोन पानं असतात. मेलमध्ये शिरलेला माणूस तिथे एक नियम लावून जातो: अमुक शब्दाचा मेल आला की त्याची प्रत माझ्याकडे पाठव, किंवा तो थेट कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी हा नियम तसाच चालू राहतो. तुम्ही न लावलेला नियम तिथे दिसला, तर कोणी आत येऊन गेलं होतं असं धरा. मग फक्त टाइप केलेल्या पासवर्डांपुरतं थांबून चालणार नाही. त्या मेलवर नोंदवलेल्या सगळ्या महत्त्वाच्या खात्यांचे पासवर्ड बदलावे लागतील.

मेलनंतर तोच पासवर्ड असलेली खरेदीची साइट. ती तिथे उघडलीच नव्हती हे खरं, पण फुटलेला पासवर्ड इतर साइटवर लावून पाहणं हा चोरांचा पहिला उद्योग असतो. शेवटचा आकडा १ चा २ करणं म्हणजे बदल नव्हे. त्यानंतर अर्जाची साइट. व्हॉट्सॲपला पासवर्डच नसल्यामुळे "पासवर्ड बदला" म्हणणाऱ्या यादीत ते येतच नाही, आणि कॉम्प्युटरवर मात्र उघडं राहतं. फोनवर `Linked devices` मध्ये जाऊन ते तोडायला अर्धं मिनिट लागतं, त्यामुळे हे काम मेलच्याही आधी उरकलं तरी हरकत नाही.

कार्डाचं वेगळं आहे. कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे टाइप झाले, तर बँकेचा पासवर्ड बदलून ते परत गुप्त होत नाहीत. बँकेच्या ॲपमधून कार्डावरचे ऑनलाइन व्यवहार बंद करा आणि नवं कार्ड मागवा. वरच्या क्रमाला अपवाद एकच: न केलेला व्यवहार दिसला, तर सगळं बाजूला ठेवून आधी बँकेला फोन.

इन्कॉग्निटोबद्दल फार लिहायला नको. त्या खिडक्या बंद केल्या की इतिहास आणि कुकीज पुसल्या जातात, एवढंच त्याचं काम. कीलॉगरला त्याने काही फरक पडत नाही आणि उतरवलेली पीडीएफ डाउनलोडच्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. लॉगआउट केल्याने तेवढं लॉगिन बंद होतं, नोंदवलेला पासवर्ड मात्र चालतच राहतो.

मित्राच्या फोनवर कीलॉगरपेक्षा साधीच गोष्ट नडते. "पासवर्ड जतन करायचा?" असा प्रश्न येतो, घाईत "हो" दाबलं जातं, आणि तुमचा पासवर्ड त्याच्या खात्यात जाऊन त्याच्या इतर उपकरणांवरही पोचतो. मित्रावर संशय घ्यायचं कारण नाही. पण उद्या तो फोन धाकट्या भावाकडे जाईल किंवा विकला जाईल. त्याला ती नोंद पुसायला सांगा आणि तुमचा पासवर्डही बदला.

याच्या उलट, दुसऱ्याच्या क्रोममध्ये तुम्ही स्वतःच्या खात्याने शिरलात आणि सिंक चालू केलं, तर तुमच्याकडे जतन असलेले सगळेच पासवर्ड तिथे उतरलेले असू शकतात. मग काय टाइप केलं होतं याला अर्थ राहत नाही. मेलचा पासवर्ड बदला, तो कॉम्प्युटर यादीतून काढा आणि `passwords.google.com` उघडून तिथल्या यादीतले जतन केलेले पासवर्ड बदलायला घ्या. त्या यादीत मात्र बँक खरोखरच मेलच्या लगेच खाली येते.