तेल लावूनही चेहरा तडतडतोय? बाटली नंतर दाखवा, आधी कशावर लावता ते सांगा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहायला बसलेय. लांबणार आहे, पण ज्यांचा चेहरा थंडीत फुटतो त्यांनी शेवटपर्यंत वाचाच.

दुपारी राजारामपुरीतल्या आमच्या पार्लरमध्ये एक बाई आल्या. जयसिंगपूरहून, एसटीनं, खास हेच विचारायला. वय पस्तिशीचं. गाल पांढरट पडलेले, नाकाच्या दोन्ही बाजूंना पापुद्रे, आणि बोलताना ओठांच्या कडेची कातडी ओढल्यासारखी दिसत होती. पर्समधून बाटली काढून समोर ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, महिना झाला, दोन टायमाला तेल लावतोय बघा. तरी तडतडतंय." बाटली रोझहिपची, ३० मिलीची. महिन्यात निम्मी संपलेली.

लावता कसं, म्हणून विचारलं. भरपूर फेस येणाऱ्या फेस वॉशनं तोंड धुवायचं, टॉवेलनं खसाखसा पुसायचं, पंख्याखाली चेहरा पार कोरडा झाला की सात-आठ थेंब चोळायचे. क्रीम? "दुकानदार म्हणाला, तेल घेतलंय न्हवं, मग क्रीमला पैसे कशाला घालवताय."

या एका वाक्यानं माझा पारा चढला. तेल विकणाऱ्याला तेलाचं काम माहीत नसेल तर त्यानं निदान गप्प बसावं. बाईंनी पैसे घातलेच, वर महिनाभर चेहरा सोलवटून घेतला.

तेलात पाणी नसतं. थेंबभरसुद्धा नसतं. कातडीच्या वरच्या थरात पाणी असेल तर ते उडून जायचा वेग तेल कमी करतं आणि थराच्या सुट्या कडा चिकटवून गुळगुळीत करतं. एवढंच त्याचं काम. आत पाणीच नसेल तर तेल धरून काय ठेवणार? बाईंचं नेमकं तेच झालं होतं. कपाळ तेलानं चकाकत होतं आणि त्याच कपाळाला बोटांनी हलकंसं दाबलं की बारीक उभ्याआडव्या रेषा उमटत होत्या. वर चकाकी आणि खाली ओढ असं एकत्र दिसलं की समजायचं, पाणी कमी आहे. अशा चेहऱ्यावर तेल वाढवून उपयोग नाही. याउलट दिवसभर कुठंच चकाकी नाही, हात फिरवला की खरखरीत लागतं, भुवयांतसुद्धा कोंडा धरल्यासारखं होतं, तर तेलही कमी आहे. कोल्हापूरच्या थंडीत बऱ्याच जणींना दोन्हींची कमतरता असते, म्हणून आधी पाणी आणि मग तेल, हा क्रम मोडायचा नाही.

आता तेलांकडे येते.

जोजोबाला तेल म्हणतात, पण ते खरं तर पातळ मेण आहे. आपली कातडी स्वतः जो तेलकट पदार्थ सोडते त्यातही अशाच जातीचं मेण असतं, म्हणून जोजोबा चेहऱ्यावर परका वाटत नाही. तो कातडीवर बसून राहतो, थोडा जाडसर लागतो आणि सहजासहजी खराब होत नाही. शुद्ध जोजोबा पिवळसर सोनेरी असतो, फ्रीजमध्ये ठेवला तर थिजतो आणि तळहातावर घेतला की पुन्हा पातळ होतो. आपल्याकडं डिसेंबरच्या पहाटे खोबरेलाची बाटली कपाटात गोठते तशी जोजोबाची गोठली, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय अशी शंका घ्यावी. ज्यांची कातडी खरखरीत आहे, गाडीवरून रोज वारा खात ये-जा होते, त्यांना माझ्या मते पहिलं हेच.

स्क्वालेन त्याहून हलकं. रंग नाही, वास नाही, लावलं की दोन मिनिटांत कळतसुद्धा नाही. नाव वाचताना मात्र डोळे उघडे ठेवा. स्क्वालीन वेगळं आणि स्क्वालेन वेगळं. स्क्वालीन आपल्या कातडीतच असतं, पण हवेशी संयोग झाला की लवकर बिघडतं. त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करून टिकाऊ केलं की स्क्वालेन होतं. पूर्वी ते शार्कच्या यकृतातून काढायचे, आता ऑलिव्हपासून किंवा चक्क उसाच्या साखरेपासून करतात. साखर यीस्टकडून आंबवून घेतात आणि त्यातून मिळणाऱ्या द्रव्यापासून ते बनवतात. उसाच्या फडात वाढलेल्या आपल्या लोकांना हे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. बाटलीवर उसापासून किंवा ऑलिव्हपासून असं लिहिलेलं असेल तेच घ्या. ज्यांना तेलाचा चिकटपणा सोसत नाही, पटकन पुटकुळ्या येतात, त्यांनी स्क्वालेनपासून सुरुवात करावी.

रोझहिप हे जंगली गुलाबाच्या फळातल्या बियांचं तेल. गुलाबाच्या पाकळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही आणि गुलाबाचा वासही त्याला येत नाही. येत असेल तर वरून सुगंध घातलाय, आणि फुटलेल्या कातडीला सुगंध नकोच. त्यातली लिनोलेइक आणि लिनोलेनिक आम्लं कोरड्या कातडीला खरंच चांगली, हे मान्य. पण त्याच आम्लांमुळं ते हवा, उजेड आणि उष्णता लागली की खवट होतं. जवसाच्या तेलाची जी खोड, तीच याची. आणि 'यात क जीवनसत्त्व आहे' म्हणून जे विकतात ना, त्यांना विचारा कुठून आलं. ते फळाच्या गरात असतं आणि पाण्यात विरघळतं, बियांच्या तेलात उतरत नाही.

बाईंची बाटली उघडून मी हुंगली. ताज्या रोझहिपला हलका, गवतासारखा वास असतो. हिला जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास येत होता. केशरी रंगही उडून फिकट झालेला. ठेवायच्या कुठं, तर बाथरूमच्या खिडकीत, गिझरशेजारी. खवट तेलानं कोरडी कातडी आणखी चुरचुरते, लाल होते. म्हणजे फेस वॉशनं पाणी गेलं, क्रीम नाही, आणि वरून बिघडलेलं तेल, तेही कोरड्या चेहऱ्यावर. एवढं झाल्यावर 'मला तेल सोसत नाही' असं वाटणारच की हो. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

थेंबांचा हिशोब सांगते, कारण इथंच पैसे वाया जातात. रात्री दोन-तीन थेंब पूर्ण चेहऱ्याला आणि मानेला पुरतात. तेवढेच लावले तर ३० मिलीची बाटली आठ-नऊ महिने सहज जाते. जोजोबा आणि स्क्वालेन तेवढं टिकतात. रोझहिप मात्र उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवायचं, म्हणून ते १० किंवा १५ मिलीचंच घ्यायचं, गडद काचेचं, आणि फ्रीजच्या दारात ठेवायचं. झाकणावर उघडल्याची तारीख पेननं लिहून टाका.

बाईंना कागदावर लिहून दिलं ते असं. रोझहिप बंद. सकाळी नुसत्या पाण्यानं तोंड धुवायचं, फेस वॉश फक्त रात्री, तोही फेस न करणारा. पाणी कोमट, कडकडीत नाही. टॉवेल चेहऱ्यावर टेकवायचा, पुसायचा नाही. चेहरा दमट असतानाच, मिनिटाच्या आत, ग्लिसरीन असलेलं बिनसुगंधी क्रीम लावायचं. दोन हरभऱ्यांएवढं. ते जिरायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि मग जोजोबाचे दोन थेंब तळहातांवर पसरून चेहऱ्यावर नुसते दाबायचे. चोळलं की खालचं क्रीम गोळा होऊन येतं. सकाळी तेल नाही. क्रीम, त्यावर सनस्क्रीन. तेलावर सनस्क्रीन नीट बसत नाही, घसरतं, कुठं जाड कुठं पातळ होतं आणि पातळ जागी ऊन लागतं. सनस्क्रीनमध्ये थेंब मिसळणाऱ्यांना तर माझा कडक विरोध आहे, बाटलीवर लिहिलेलं संरक्षण मग उरतच नाही. रात्री रेटिनॉल लावणाऱ्यांनी आधी रेटिनॉल, मग क्रीम, शेवटी तेल, हाच क्रम ठेवावा.

नवं तेल थेट चेहऱ्यावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रोज एक थेंब, आठवडाभर. खाज, लाली आली नाही तर मग कानाजवळच्या गालावर, आणि मग सगळीकडं.

आता कमेंटमध्ये कुणीतरी येणार, "आमच्या आजीनं आयुष्यभर खोबरेल लावलं." लावलं असेल, आणि हातापायांना ते चांगलंच आहे. पण चेहऱ्यावर अनेकांची छिद्रं त्यानं बुजतात. ऑलिव्ह ऑइल तर कोरड्या चेहऱ्याला मी देतच नाही, त्यातलं ओलेइक आम्ल कातडीचा बांध सैल करतं. आणि हो, साधी पेट्रोलियम जेली पाणी धरून ठेवण्यात जोजोबा, स्क्वालेन, रोझहिप या तिन्हींच्या पुढं आहे, स्वस्तही आहे. चिकट लागते, धूळ धरते, म्हणून लोक लावत नाहीत, एवढंच.

एक मर्यादा स्पष्ट सांगते. बाईंच्या नाकाशेजारचे पापुद्रे कोरडे, पांढरे होते, म्हणून मी हात घातला. तेच पिवळसर, चिकट असते आणि खाली लाली, डोक्यात कोंडा असता, तर ती वेगळी तक्रार आहे. कातडीवर राहणारी एक बुरशी त्यामागं असते आणि पुष्कळशा तेलांतली आम्लं तिचं खाद्य आहेत. तिथं रोझहिप, खोबरेल, बदाम काहीही नको. तेल लावायचंच तर फक्त स्क्वालेन, आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांकडं जायचं. भेगांतून रक्त, लस येत असेल तरीही तेच.

निघताना बाईंनी बाटली पुन्हा हातात घेतली. टाकवेना त्यांना. "पायाच्या भेगांना तरी लावू का?" लिहिताना आत्ताही पोटात कालवतंय, सहाशे रुपयांची बाटली होती ती. पण नाही म्हणाले, खवट तेल भेगेत गेलं तर जास्त झोंबेल. पायाला साधी पेट्रोलियम जेली सांगितली. रात्री पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, टिपून घ्यायचे, दमट असतानाच जेली आणि वर सुती मोजे. आतलं पाणी अडवायचं, तिथंही तेच. दोन आठवड्यांनी चेहरा दाखवायला बोलावलंय. तोवर दर चार दिवसांनी त्याच खिडकीपाशी, सकाळी, काही न लावता एक फोटो काढून ठेवा म्हटलंय.