गाईड झाकून ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

गाईडमधली उत्तरं नुसती उतरवू किंवा पाठ करू नका, ती झाकून गणित स्वतः सोडवा, असं मी ज्युनिअर मुलांसमोरच्या भाषणात म्हटलं होतं. त्यावर आलेली एक प्रतिक्रिया: "भाषण ऐकायला छान आहे. पण पेपर तीन दिवसांवर आला की उत्तर झाकून कोण बसतं? गाईडमधली गणितं जशीच्या तशी येतात, पाठ केली की मार्क मिळतात. ज्युनिअर पोरांना उगाच घाबरवू नका."

गणितं जशीच्या तशी येतात हे मान्य. आकडे मात्र बदलून येतात आणि घोळ तिथेच होतो. भाषणात वेळ कमी होता, म्हणून घर्षणाचं गणित पळवत सांगितलं. इथे सावकाश सांगतो.

30 अंशांच्या उतारावर 5 किलोचा ठोकळा स्थिर ठेवलाय, μs = 0.7. त्यावरचं घर्षण किती? गाईडमध्ये चार ओळींत उत्तर आहे. ठोकळ्याला खाली ओढणारं बल mg sin θ = 24.5 न्यूटन. घर्षण जास्तीत जास्त μsN = 29.7 न्यूटन होऊ शकतं. 24.5 हे 29.7 पेक्षा कमी, म्हणून ठोकळा घसरत नाही. म्हणून घर्षण 24.5 न्यूटन.

उतरवून घेणाऱ्याची नजर पहिल्या दोन ओळींवर आणि शेवटच्या आकड्यावर जाते. खरी मेख तिसऱ्या ओळीत आहे, आणि ती नुसती तुलना असल्यामुळे बिनमहत्त्वाची वाटते. पेपरात μs = 0.5 दिलं की μsN होतं 21.2. आता ठोकळा घसरणार, म्हणजे 24.5 हे उत्तर चुकलं. इथून पुढे μk लागतो, तो 0.4 दिला असेल तर घर्षण सुमारे 17 न्यूटन. पाठांतरवाला बेधडक 24.5 ची पद्धत वापरतो, नाहीतर सरळ f = μsN लिहून मोकळा होतो.

त्या f = μsN ची एक गंमत बघा. पहिल्याच ठोकळ्याचा उतार शून्य करा, म्हणजे तो सपाट टेबलावर आला. सूत्र म्हणतं, घर्षण 34.3 न्यूटन. कोणी ढकलत नसताना एवढं बल लागलं तर ठोकळा आपोआप चालायला लागेल! ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि गाईडमधल्या छपाईच्या चुकाही कधीकधी तिच्यात सापडतात (आमच्या वेळच्या गाईडमध्ये त्या भरपूर होत्या).

झाकणं म्हणजे एवढंच: उत्तरावर वही आडवी ठेवायची, आकृती आणि बलं स्वतः काढायची, अडलं की वही एकच ओळ खाली सरकवायची. ती ओळ का आली हे शेजारी पेन्सिलीने लिहायचं. वरच्या गणितात तिसऱ्या ओळीशेजारी 'घसरतो का ते बघितलं' एवढं पुरे. मग μs बदलून तेच गणित पुस्तक मिटून सोडवायचं.

तीन दिवसच हातात असतील तर त्या प्रकारची वीस गणितं अशी करू नका, एवढा वेळ नाहीच. दोन घ्या, एक न घसरणाऱ्या ठोकळ्याचं आणि एक घसरणाऱ्याचं. बाकीची नुसती वाचा, पण प्रत्येकात तुलनेची ओळ कुठे आहे ते शोधत वाचा. व्याख्या आणि सिद्धता खुशाल पाठ करा, त्याला मी भाषणातही नाही म्हटलेलं नाही.