हजार तुकड्यांचं पझल घेताय? आधी सेंटीमीटर बघा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या जळगावात दुपारी बारानंतर पोरं बाहेर सोडायची सोयच नाही, पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, मग घरोघरी कॅरम निघतो, पत्ते निघतात आणि आता दोन-तीन वर्षांपासून हे जिगसॉ पझल ऑनलाईन मागवायचं फॅड आलंय. फॅड चांगलंच आहे भो, माझी तक्रार त्या लिस्टिंगबद्दल आहे.

परवा चुलतभावाकडे पार्सल आलं. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं: पीस 1000, खेळाडू 1 ते 4, वय 3+, वेळ 30 मिनिटं, बॉक्समध्ये 1 पझल. फोटोत अख्खं कुटुंब मोठ्या टेबलाभोवती बसलेलं. आणि बॉक्स निघाला टिफिनएवढा! वहिनींनी तुकडे परातीत ओतले तर एकेक तुकडा करंगळीच्या नखाएवढा. सगळे म्हणे फसवलं. आता खरं सांगायचं तर तुकड्यांच्या आकड्यात काहीच फसवणूक नव्हती, तुकडे हजाराच्या आसपास असणारच. जो आकडा बघायला पाहिजे होता तो खाली बारीक अक्षरात होता, पूर्ण चित्राचा साईझ, 42 बाय 30 सेंटीमीटर. म्हणजे झेरॉक्सवाल्याकडचा ए-थ्री कागद.

नेहमीचं हजाराचं पझल साधारण 70 बाय 50 चं असतं. गंमत म्हणजे बऱ्याच ‘हजार’वाल्या पझलमध्ये तुकडे बरोबर हजार नसतातच, 38 उभ्या ओळी आणि 27 आडव्या, म्हणजे 1026. असं का, तर 70 ला 38 ने भागा, 1.84 येतं, 50 ला 27 ने भागा, 1.85 येतं, तुकडा जवळपास चौरस पडतो. आता तेच गणित भावाच्या पझलला लावा, 42 भागिले 38, फक्त 1.1 सेंटीमीटर! त्यात त्या तुकड्याचे कान आणि खाचा, आणि कार्डबोर्ड पातळ असेल तर बघायलाच नको, चुकीच्या जागीही तुकडा बसल्यासारखा वाटतो आणि आकाशाचा निळा भाग आला की माणूस रडकुंडीला येतो. कॅल्क्युलेटर नको, लांबी गुणिले रुंदी करा आणि तुकड्यांनी भागा. एका तुकड्याला साडेतीन चौरस सेंटीमीटर आले तर निवांत घ्या, सव्वा आले तर तो मिनी पझल आहे, हौस असली तरच घ्यायचा. आणि साईझ दिलाच नसेल तर प्रश्न विचारा, उत्तर नाही आलं तर पुढे सरका.

वय 3+ हा अजून एक घोळ. तीन वर्षांच्या आतलं पोरगं बारीक वस्तू तोंडात घालतं, घशात अडकते, म्हणून तो इशारा असतो. तिसऱ्या वर्षी हजार तुकडे जमतील असा त्याचा अर्थ कुठून काढला लिस्टिंगवाल्याने देव जाणे. त्या वयाला बारा-पंधरा जाड, मोठे तुकडे पुरे. रॅव्हन्सबर्गर या जर्मन कंपनीचं लहान मुलांचं 100 तुकड्यांचं पझल 49 बाय 36 चं असतं आणि त्यांचं 500 तुकड्यांचंही 49 बाय 36 चंच. चित्र तेवढंच, पण सहा वर्षांच्या हाताला धरता येईल असा तुकडा पाचपट मोठा. नुसता तुकड्यांचा आकडा बघणाऱ्याला हे कसं कळणार?

वेळेचं तर सोडाच. 30 मिनिटं हे बोर्ड गेमच्या लिस्टिंगमधलं कॉपी-पेस्ट आहे. हजाराची नुसती कड लावायची म्हणजे सव्वाशे तुकडे शोधून वेगळे काढायचे (38 बाय 27 असेल तर बरोबर 126, चार कोपरे धरून), त्यातच पहिली दुपार जाते, पूर्ण व्हायला रोज थोडं-थोडं करत आठवडा लागला तरी नवल नाही. खेळाडू 1 ते 4 मात्र ठीक आहे, चाराच्या पुढे डोकी एकमेकांना आपटतात.

बॉक्समध्ये काय-काय आहे तेही वाचा. मोठं पोस्टर आहे का? टिफिनएवढ्या झाकणावरचं चित्र बघून हजार तुकडे लावायचे म्हणजे शिक्षा आहे. तुकड्यांची पिशवी सीलबंद असावी. ती फाडायच्या आधी बॉक्सवरचा साईझ लिस्टिंगशी ताडून बघा, कारण पिशवी फोडली की विकणारा परत घ्यायला कुरकुर करतो, भावाचं तेच झालं.

आणि हो, आपल्याकडचं एक वेगळंच. पझल कूलरच्या समोर मांडू नका. ओल्या हवेने कार्डबोर्ड फुगतो, कडा वर येतात, मग तुकडे घट्ट बसतात आणि काढताना वरचा कागद सुटतो. कूलर बंद केला तर माणसं शिजतात ते वेगळंच 😄 त्यामुळे सुताराकडून 80 बाय 60 चा प्लायचा तुकडा कापून आणा, त्याच्यावर लावा, संध्याकाळी तसाच पलंगाखाली सरकवा.