पहिल्या ओळीतलं तिकीट

गेल्या महिन्यात आम्ही चौघं पुण्याहून दिल्लीला नणंदेकडे गेलो. मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. विमानाची तिकिटं काढायला बसले तर वेबसाइटवरच्या यादीत सगळ्यात वर ४,३१० रुपयांचं तिकीट होतं. दोन ओळी खाली दुसऱ्या कंपनीचं, जवळपास त्याच वेळेचं, ४,६९० चं. माणशी ३८० रुपये वाचत होते, म्हणून बोट सरळ पहिल्या ओळीवर गेलं.

मग सामानाचा विचार आला. सासूबाईंनी लेकीसाठी लोणच्याची बरणी, काळा मसाला आणि मेतकूट बांधून ठेवलं होतं. तेल सुटलेली बरणी हातातल्या बॅगेतून न्यायची म्हणजे सुरक्षा तपासणीत अडवतील ही धास्ती, आणि दिल्लीच्या थंडीचे स्वेटर वेगळेच. दोन मोठ्या बॅगा चेक-इन कराव्याच लागणार होत्या. ४,३१० च्या तिकिटात चेक-इन सामान नव्हतंच, फक्त सात किलोची हातातली बॅग. पंधरा किलोची एक बॅग आधी घेतली तर १,३०० रुपये. मग आसनांचा नकाशा उघडला. सासूबाईंना कडेची जागा आणि शेजारी मी, या दोन जागांचे प्रत्येकी ४००. दुसऱ्या कंपनीकडे माणशी पंधरा किलो तिकिटातच होते आणि तशाच जागेचे ३०० पडत होते.

कागदावर मांडलं. पहिलं : चार तिकिटांचे १७,२४०, बॅगांचे २,६००, जागांचे ८००, एकूण २०,६४०. दुसरं : तिकिटांचे १८,७६०, जागांचे ६००, एकूण १९,३६०. यादीत स्वस्त दिसणारं तिकीट आमच्या घराला १,२८० रुपयांनी महाग पडत होतं. आम्ही दुसरं घेतलं. मी एकटी लॅपटॉपची बॅग घेऊन निघाले असते, तर मात्र पहिलंच खरोखर स्वस्त होतं.

म्हणूनच ‘ही सगळी फसवणूक आहे’ असं मी म्हणणार नाही. ज्याला बॅग न्यायची नाही त्याने दुसऱ्याच्या बॅगेचे पैसे का भरावेत, हा मुद्दा मला पटतो. आपल्याकडे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये चेक-इन सामान नसलेल्या प्रवाशाला कमी भाडं लावायची मुभा कंपन्यांना दिली, ती याच विचाराने. माझं भांडण आहे ते यादी कशावरून लागते याच्याशी.

यादी एकाच आकड्यावर लागते. जो खर्च त्या आकड्यात धरलेला नाही, त्यावर कंपन्यांची एकमेकींशी स्पर्धाच होत नाही. मग प्रत्येक कंपनी जेवढं शक्य तेवढं त्या आकड्याबाहेर काढते.

हिशेब कसा बसतो ते पाहा. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. शंभर प्रवासी आहेत आणि कंपनीने भाडं ३८० ने उतरवलं. तिचे ३८,००० गेले. आता त्या शंभरांतल्या पस्तीस जणांनी १,२०० ची बॅग घेतली तर ४२,००० आले. चाळीस जणांनी ३५० ची जागा घेतली तर आणखी १४,०००. म्हणजे भाडं उतरवूनही वर १८,००० सुटले, आणि शिवाय यादीत पहिली ओळ मिळाली, ती वेगळीच. किती लोक पुढे काय घेतील याचा अंदाज कंपनीकडे आधीच्या विक्रीवरून असतो, आणि त्या अंदाजाच्या जोरावरच भाडं तेवढं खाली आणता येतं. ४,३१० हा आकडा खोटा नाही. त्यातला काही भाग लोणच्याची बरणी नेणारं कुटुंब भरतं, एवढंच.

बॅगेचा दर मग माफक का नसतो? कारण तो तुम्हाला दिसतो तोवर तुम्ही नावं, वयं, फोन नंबर भरून बसलेले असता. पुन्हा मागे जाऊन दुसऱ्या कंपनीचं सगळं भरायचं, हे १,३०० रुपयांसाठी फार थोडे लोक करतात. विमानतळावर तर पर्यायच उरत नाही, म्हणून काउंटरवर जादा वजनाला किलोमागे पाचशेच्या वर रुपये मोजावे लागतात.

आणि एखाद्या कंपनीने ठरवलं की आपण सगळं धरूनच भाव सांगू, तर ती यादीत खाली जाते. अमेरिकेत हे स्पष्ट दिसलं. तिथे स्पिरिटसारख्या कंपन्यांनी भाडं अगदी तळाला नेलं आणि २०१० मध्ये हातातल्या बॅगेलाही पैसे लावले. मोठ्या कंपन्यांनी आपलं नेहमीचं तिकीट तसंच ठेवून त्याखाली ‘बेसिक इकॉनॉमी’ नावाचं एक उघडंबोडकं तिकीट आणलं. डेल्टाने २०१२ मध्ये सुरुवात केली, अमेरिकन आणि युनायटेड २०१७ मध्ये आल्या. तळाच्या आकड्यात स्पिरिटच्या शेजारी दिसायचं आणि आत आलेल्या माणसाला पुढच्या पानावर महागड्या तिकिटाकडे वळवायचं, हा त्यामागचा मोठा हेतू. शिवाय तिथे देशांतर्गत भाड्यावर साडेसात टक्के केंद्रीय कर आहे, बॅगेच्या शुल्कावर तो नाही. भाड्यातले पैसे बॅगेकडे सरकवायला कंपन्यांना हे आणखी एक कारण मिळालं.

कायदाही याच रेषेवर अडकतो. जे भरणं सक्तीचं आहे, म्हणजे कर, विमानतळाचं शुल्क वगैरे, ते जाहिरातीतल्या भावात धरा, हा अमेरिकेत २०१२ पासून नियम आहे. बॅग सक्तीची नाही, म्हणून ती बाहेरच राहते. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने बॅगेचं, तिकीट बदलण्याचं आणि रद्द करण्याचं शुल्क भाडं पहिल्यांदा दाखवतानाच सांगा, असा नियम काढला. विमान कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलैमध्ये अपील कोर्टाने त्याला स्थगिती दिली. दर बदला असं कोणी सांगितलं नव्हतं, फक्त आधी दाखवा म्हटलं होतं. तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावीशी वाटली, यावरून पहिल्या आकड्याची किंमत मला कळली.

आपल्याकडे निदान एवढं आहे की जादा सेवा प्रवाशाने स्वतः निवडायची असते, आधीच खूण करून ठेवून गळ्यात मारता येत नाही. आणि एप्रिल २०२४ पासून डीजीसीएने सांगितलंय की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला एकाच पीएनआरवर असलेल्या आई किंवा वडिलांपैकी एकाशेजारी जागा द्यायची. म्हणून मुलाच्या जागेचे पैसे आम्ही भरले नाहीत, तो बाबाजवळ बसला. हे माहीत नसलेले आईबाप नकाशावरच्या रंगीत चौकोनांना घाबरून तिघांच्या जागा विकत घेतात. तिकिटं वेगवेगळ्या पीएनआरवर काढलीत तर मात्र ही सोय मागता येत नाही, हे लक्षात असू द्या.

वृद्धांसाठी असा नियम नाही. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या सत्तरीच्या बाईला मधल्या जागेवर दोन अनोळखी माणसांत एकटीला बसवायचं नसेल, तर घरच्यांनी पैसे मोजायचे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

गूगल फ्लाइट्सवर सामान धरून भाव दाखवणारा फिल्टर आहे, पण तो आपण होऊन लावावा लागतो. मला हवंय ते उलटं. तारीख विचारता, माणसं विचारता, तसंच ‘बॅगा किती?’ हेही पहिल्याच पानावर विचारा आणि त्या बेरजेवर यादी लावा. आमच्या शोधात मग १९,३६० वालं वर आलं असतं आणि २०,६४० वालं त्याच्याखाली. ते होईपर्यंत कागद-पेन घेऊन बसा, आणि चौघांच्या चार बॅगा धरू नका. आमचं सगळं सामान दोन बॅगांत बसलं, बरणीसकट.