वाँडने आकाश निघतं, पळसाच्या काड्या उरत नाहीत

«पांढरं आकाश बदलायला ल्युमिनॉसिटी मास्कची काहीएक गरज नाही. मॅजिक वाँडने आकाशावर क्लिक करा, एक पिक्सेल एक्स्पांड, दोन पिक्सेल फेदर, नवं आकाश टाका. फांद्यांना पांढरी कड राहिलीच तर डीफ्रिंज मारा. मास्कवाले उगाच वेळ घालवतात; त्यांच्या मास्कमध्ये पांढरा कुर्तासुद्धा आकाश म्हणून उचलला जातो.»

एखाद्या गडद इमारतीमागचं आकाश फोटोशॉपमध्ये बदलायचं असेल तर ही पद्धत खुशाल वापरा. स्वच्छ, ठळक कड असली की वाँड आपलं काम चोख करतो आणि तिथे मास्क घासत बसणं म्हणजे खरोखर वेळेचा अपव्यय. पण हा सल्ला फांद्यांसाठी दिलाय, आणि फांद्यांच्या बाबतीत त्यातली एकेक पायरी नुकसान करते.

उदाहरणासाठी आपल्याकडे नागपुरात मार्चमध्ये हमखास हाती येणारा फोटो घेऊ. गोरेवाड्याच्या बाजूला फुललेला पळस, झाडावर पान जवळपास नाही, सकाळचे अकरा वाजलेले, आकाश धुरकट पांढरं. झाडाखाली प्री-वेडिंगचं जोडपं, मुलाच्या अंगात पांढरा कुर्ता. अल्बमवाल्याला मागे निळं आकाश आणि थोडे ढग हवेत.

आता शेंड्याकडची एखादी काडी चारशे टक्के झूम करून बघा. जवळून ती काळी रेघ दिसतच नाही. राखाडी पिक्सेलांची एक माळ दिसते: एक जरा गडद, पुढचा फिका, त्यापुढचा इतका फिका की आकाशच वाटावा. काडी एका पिक्सेलपेक्षा बारीक आहे, म्हणून त्या पिक्सेलात थोडी काडी आणि थोडं आकाश असं मिश्रण नोंदलं गेलंय. वाँडला मिश्रण कळत नाही. टॉलरन्समध्ये बसलेला पिक्सेल आत, न बसलेला बाहेर, एवढंच त्याला येतं. Anti-alias चालू असलं तरी तो मऊपणा सिलेक्शनच्या आकारावरून काढलेला असतो; त्या पिक्सेलात काडी किती आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय Contiguous चालू असेल तर फांद्यांच्या जाळीत अडकलेले आकाशाचे तुकडे निवडलेच जात नाहीत, आणि बंद केलं तर टॉलरन्सच्या आकड्यावर अर्ध्या काड्या गायब.

एक्स्पांडचा हिशेब तर बोटांवर होतो. दोन पिक्सेल जाडीची काडी आहे, दोन्ही बाजूंना आकाश आहे. सिलेक्शन एक पिक्सेल वाढवलं की डावीकडून एक गेला, उजवीकडून एक गेला. काडी संपली. वर दोन पिक्सेलचं फेदर दिलं की जरा जाड फांद्यांच्याही पोटात आकाश उतरतं, म्हणून त्या धुक्यातून पाहिल्यासारख्या दिसतात. बुंध्याजवळ झाड ठसठशीत आणि शेंड्याकडे विरघळलेलं असा फोटो दिसला की समजायचं, फेदर मारलंय.

ल्युमिनॉसिटी मास्क वेगळा का ठरतो, तर त्यात आकार काढायचाच नसतो. फोटोतला उजेडच मास्क होतो. आकाशाचा पिक्सेल मास्कमध्ये पांढरा, फांदीचा काळा, आणि काडीचा पिक्सेल मूळ फोटोत जितका राखाडी, त्याच अंदाजात मास्कमध्येही राखाडी. बारकावा शोधावा लागत नाही, तो आयताच येतो.

पण कुठला उजेड घ्यायचा, हे बघावं लागतं. Channels पॅनलमध्ये तिन्ही चॅनेल एकेक करून उघडा. पळसाच्या फोटोत लाल चॅनेल उघडला की गंमत दिसते: केशरी फुलं जवळजवळ आकाशाइतकीच उजळ होतात आणि झाडावरून नाहीशी होतात. त्या चॅनेलचा मास्क केला तर फुलांवर ढग येतील. निळ्या चॅनेलमध्ये तीच फुलं काळीकुट्ट, कारण केशरी रंगात निळा फार थोडा असतो. म्हणून इथे निळा. सगळीकडे निळाच घ्या असं मात्र नाही. फोटो व्हॉट्सॅपवरून आलेली जेपेग असेल तर निळ्या चॅनेलमध्ये चौकोनी ठोकळे दिसतात, कारण जेपेगमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा जास्त दाबली जाते आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका निळ्याला बसतो. तशा फाइलला, फुलं नसलेल्या उघड्या फांद्यांसाठी, हिरवा चॅनेल बरा. आणि रॉ फाइल असली तरी लेन्सची जांभळी कड आधी काढून घ्या. ती कड निळ्या चॅनेलमध्ये काडीला आकाशात मिसळून टाकते.

निळ्या चॅनेलची कॉपी करा, म्हणजे Blue copy तयार होईल, आणि तिच्यावर Ctrl+L ने Levels उघडा. इथे खरी कसरत आहे. Info पॅनल उघडा ठेवून आकडे वाचा. समजा माथ्यावरचं आकाश 245 आहे, क्षितिजाजवळ धुळीमुळे 210, फुलं आणि फांद्या 70 च्या खाली. काळा स्लायडर 70 वर आणला की फुलं, बुंधा सगळं काळं झालं, उत्तम. पांढरा स्लायडर कुठे? सगळं आकाश स्वच्छ पांढरं व्हायला तो 210 वर आणावा लागतो. पण माथ्याकडच्या बारीक काडीचा पिक्सेल 228 असू शकतो. पांढरा स्लायडर 210 वर गेला की 228 सुद्धा पांढरा झाला, म्हणजे ती काडी मास्कमधून पुसली गेली. मास्कवाल्यांच्याही काड्या कधीकधी गायब होतात त्या इथे. दोष मास्कचा नसतो, पांढरा स्लायडर जोरात ओढल्याचा असतो.

आणि समजा तो स्लायडर जपून ठेवला, काडी वाचली, तरी दुसरी अडचण उभी राहते: पांढरी कड. काडीचा पिक्सेल हा आधीच काडी आणि जुन्या आकाशाचं मिश्रण आहे. मास्कने त्यात नवं आकाश अर्धं घातलं, तरी उरलेला अर्धा भाग शुद्ध काडी नसून जुन्या पांढऱ्या आकाशासकटची काडी असते. निळ्या आकाशावर तेच पांढरं चमकतं.

यावर Layer > Matting > Defringe कसं चालतं ते बघा. ते कापलेल्या लेयरच्या कडेचे पिक्सेल घेतं आणि त्यांचा रंग आतल्या, खऱ्या रंगाच्या पिक्सेलवरून बदलतं. बुंध्याला आत आहे, म्हणून तिथे छान चालतं. एका पिक्सेलच्या काडीला आत काय असणार? ती सगळीच कड आहे. रंग उधार घ्यायला शुद्ध काडीचा पिक्सेलच नाही.

उपाय पांढऱ्या आकाशातच आहे. नवं आकाश फोटोच्या वरच्या लेयरवर ठेवा, त्याला या Blue copy चा मास्क लावा आणि ब्लेंड मोड Normal चा Multiply करा. Multiply मध्ये पांढऱ्यावर नवं आकाश जसंच्या तसं बसतं आणि खालचा पिक्सेल जितका गडद, तितकं ते गडद होतं. 228 चा काडीचा पिक्सेल आजूबाजूच्या 245 पेक्षा जेवढा गडद होता, जवळपास त्याच प्रमाणात नव्या निळ्या आकाशातही गडद राहतो. जुनं पांढरं वेगळं काढायची गरजच उरत नाही, ते निळ्याने रंगलं जातं. पांढऱ्या स्लायडरचा पेचही यातच सुटतो: आता मास्कमध्ये ती काडी पूर्ण पांढरी झाली तरी ती पुसली जात नाही, कारण काडी खालच्या फोटोतून दिसतेच आहे. म्हणून Multiply असताना पांढरा स्लायडर 210 वर नेता येतो. मधला स्लायडरही थोडा डावीकडे सरकवा, राखाडी पिक्सेल उजळतील आणि उरलीसुरली फिकी कड जाईल.

मग मास्क तरी कशाला, नुसतं Multiply करू, असं कोणी म्हणेल. करून बघा: केशरी फुलं मळकट तपकिरी होतात आणि जोडप्याचे चेहरे निळे पडतात. मास्कचं काम त्यांना वाचवण्याचं आहे.

राहिला कुर्ता. तो मास्कमध्ये पांढरा येतो हे खरं आहे, आणि सगळ्या आरोपांतला सोपा तोच. कुर्ता जमिनीजवळ आहे, काड्या वर आहेत. चॅनेलवर लॅसोने जोडपं आणि जमीन घेरा, काळा रंग भरा, दोन मिनिटांचं काम. फांद्यांच्या मधोमध एखादी उन्हाने चमकलेली साल राखाडी राहिली असेल तर ब्रशचा मोड Overlay करून काळ्या रंगाने हलकेच फिरवा. Overlay मधला काळा ब्रश पूर्ण पांढऱ्याला धक्का लावत नाही, त्यामुळे बाजूचं आकाश सुरक्षित राहतं. जाड फांदीसाठी हे ठीक. काड्यांच्या जाळीत ब्रश घालू नका.

Multiply ला एक अट आहे. ते फक्त गडद करू शकतं. धुळीमुळे 210 असलेल्या क्षितिजावर नवं आकाश ठेवलं की ते आणखी मंद दिसतं. त्यासाठी नव्या आकाशाच्या खाली, त्याच मास्कची कॉपी लावून, एक Levels ॲडजस्टमेंट लेयर घाला आणि क्षितिजाकडचा भाग जरा उजळा, पण काड्या नाहीशा होण्याआधी थांबा. नवं आकाशही असं निवडा जे खाली फिकं आणि वर गडद आहे. आषाढातले काळे ढग मार्चच्या उन्हात उभ्या असलेल्या, पायाशी कडक सावली पडलेल्या जोडप्यामागे टाकू नका; काड्या कितीही नीट निघाल्या तरी ते खोटंच दिसतं.

मूळ आकाश पांढरं नसून राखाडी ढगांचं असेल, आणि समोर उन्हात न्हालेलं अर्जुनाचं झाड असेल, तर ही सगळी मांडणी उलटी पडते. अर्जुनाची साल इतकी फिकी की उन्हात ती मागच्या ढगापेक्षा उजळ येते. कुठलाही चॅनेल उघडा, बुंधा पांढरा आणि आकाश राखाडी. तिथे खोड आणि जाड फांद्या पेन टूलनेच काढाव्या लागतात, आणि ल्युमिनॉसिटी मास्क फक्त शेंड्याच्या सावलीतल्या काड्यांपुरता चालतो. काड्याही उन्हात असतील तर त्या फोटोचं आकाश बदलायला मी नकार देतो.