पंपिंग ६० टक्के, तरीही झडप बदलावी लागते

"अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणजे हृदय ठणठणीत. चालताना छाती भरून येणं हा गॅस, चक्कर ही उन्हाची. झडप वयानं कडक होतेच. पंपिंग चांगलं आहे तोवर ती बदलू नका, दुखलं तर जिभेखाली गोळी ठेवा. पासष्टीनंतर तर ऑपरेशनचं नावच काढू नका. सगळ्या ग्रुपवर पाठवा." असा एक मेसेज फिरतोय.

अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या दिसतात. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप किती उघडते ते टूडी इकोत कळतं. माझ्याकडे आलेले अंबाजोगाईकडचे ६९ वर्षांचे एक मामा अँजिओग्राफीचा स्वच्छ रिपोर्ट पिशवीत घेऊन फिरत होते. "बांध चढलं की दम भरतो, डॉक्टर. जरा टेकलं की जातंय." मुलगा म्हणाला, मागं एकदा ऊन लागून चक्करही आली होती. नीट विचारलं तेव्हा कळलं, जानेवारीत सकाळी आठच्या थंडीत, पऱ्हाटीचा भारा डोक्यावर घेऊन बांध चढताना ते कोसळले होते. त्या वेळी ऊन होतंच कुठं?

छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर मानेपर्यंत ऐकू येणारी खरखर होती, म्हणून इको केला. निरोगी झडप ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते, मामांची जेमतेम ०.७ उघडत होती. १ किंवा त्याहून कमी म्हणजे झडप अरुंद होण्याचा हा आजार तीव्र. झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक बीपीच्याच मापात ५२ निघाला. ४० पासून पुढे तीव्र धरतात. दंडावर वरचं बीपी १२४ दिसत होतं, पण तेवढं रक्त पुढे ढकलायला डाव्या खालच्या कप्प्याला आत पावणेदोनशेच्या आसपास दाब तयार करावा लागत होता, तोही प्रत्येक ठोक्याला, वर्षानुवर्षं. म्हणून बाहेरचं बीपी चांगलं दिसलं, यावर निर्धास्त राहू नये.

या ओझ्यानं कप्प्याची भिंत जाड होते. ती एरवी एक सेंटीमीटरच्या आत असते, मामांची दीड झाली होती. जाड स्नायूला रक्त जास्त लागतं, पण आतल्या दाबानं त्याच्या आतल्या थरातल्या बारीक वाहिन्या चेपल्या जातात, म्हणून नळ्या मोकळ्या असूनही चालताना छाती भरून येते. जाड भिंत ताठरही होते. कप्पा सैल पडून भरत नाही, दाब मागे फुप्फुसांपर्यंत जातो आणि दम लागतो. कष्टाचं काम करताना हातापायांच्या रक्तवाहिन्या पसरतात, त्या वेळी हृदयानं जास्त रक्त सोडायला हवं. अरुंद झडपेतून ते जात नाही, बीपी पडतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो.

आता पंपिंग. मामांचं ६० टक्के होतं. हा आकडा, कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर गेलं, एवढंच सांगतो. जाड भिंतीचा लहान कप्पा भरतोच कमी, त्यामुळे टक्के बराच काळ चांगले दिसतात. ते घसरतात तेव्हा स्नायू थकलेला असतो. म्हणून नियम असा आहे: अरुंदपणा तीव्र असेल आणि श्रमानं छाती दुखणं, बेशुद्ध पडणं किंवा दम लागणं यांपैकी एकही लक्षण त्यामुळे असेल, तर झडप बदलायची, पंपिंग कितीही असो. लक्षण नसतानाही पंपिंग ५० च्या खाली गेलं तर बदलायची. रॉस आणि ब्राउनवाल्ड या डॉक्टरांनी १९६८ साली मांडलं होतं की झडप न बदलल्यास छातीदुखीनंतर सरासरी ५, बेशुद्धीनंतर ३ आणि हृदय निकामी होऊ लागल्यावर २ वर्षं हाती उरतात.

वयानं कडक झालेली प्रत्येक झडप बदलायची नसते, हे मात्र खरं. ती पुरेशी उघडत असेल तर ठरावीक काळानं इको पुरतो. पण "मला काहीच त्रास नाही" म्हणणाऱ्याला मी विचारतो, गेल्या वर्षी शेतात काय काय करत होता आणि आता काय सोडलंय? पुष्कळ जण दम लागू नये म्हणून नकळत काम कमी करतात.

जिभेखालच्या गोळीची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ती रक्तवाहिन्या पसरवते आणि बीपी उतरवते. अरुंद झडपेमागचं हृदय ती तूट भरून काढू शकत नाही. मामांना पुतण्यानं ती दिली, तेव्हा ते जागीच खाली बसले. झडप मोकळी करणारी कुठलीही गोळी नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तरी अरुंदपणा थांबेल का, हे २००८ च्या सीज चाचणीत पाहिलं गेलं, थांबला नाही.

वयाचं म्हणाल तर, २००२ मध्ये फ्रान्समध्ये अलाँ क्रिबिए यांनी माणसात पहिल्यांदा छाती न उघडता नळीवाटे झडप बसवली. आज वयस्कर रुग्णांत ती बहुधा जांघेतल्या रक्तवाहिनीतून नेतात. तिचा खर्च मोठा असतो आणि काहींना नंतर पेसमेकर लागतो. मामांची तब्येत छाती उघडून ऑपरेशन करण्याजोगी होती, म्हणून तसं करून जैविक, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली झडप बसवली. धातूची जास्त टिकते, पण तिला जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्त किती पातळ झालं ते पाहणारी आयएनआरची तपासणी वारंवार लागते. त्यांच्या गावाहून त्यासाठी दर महिन्याला तालुक्याला येणं जमणार नव्हतं.